‘वाचले’ म्हणून दिसणाऱ्या नावांवर किती विसंबावे?

प्रश्न: “आमच्या मल्टीच्या व्हॉट्सॲप गटात टाकी सफाईची नोटीस टाकली होती. माझ्या फोनवर बहुतेकांच्या नावापुढे वाचल्याची खूण दिसत होती, तरी दुसऱ्या दिवशी सात-आठ घरांनी ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ म्हणून भांडण केले. ही यादी खरी मानायची की नाही? आणि वार्षिक सभेची नोटीस याच पद्धतीने दिली तर चालेल का?”

उत्तर: मी इंदूरच्या एका 44 फ्लॅटच्या मल्टीचा सचिव म्हणून अनेक वर्षे काम पाहिले आहे आणि त्याआधी माझी सगळी नोकरी एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात गेली. तेथे शिपाई डाक-वही घेऊन फिरत असे आणि लिफाफा घेणारा वहीत सही करत असे. त्या सहीवरून लिफाफा त्या टेबलापर्यंत गेला एवढे सिद्ध होई. आतले पत्र कोणी वाचले, त्यावर काय करायचे ठरवले, हे वहीत कधीच नसे. आपण ज्या यादीबद्दल विचारता ती याच डाक-वहीसारखी आहे आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर ती फार उपयोगी पडते.

आपली अडचण मला अशी दिसते की आपण यादीतील ‘वाचले’ या बाजूकडे पाहत राहिलात. माझ्या अनुभवात खरे काम दुसऱ्या बाजूचे असते, म्हणजे ज्यांची नावे तेथे आलेली नाहीत त्यांचे. एखाद्याने नोटीस प्रत्यक्ष वाचली असूनही यादीत त्याचे नाव नसेल, तर आपला एक फोन वाया जातो. याउलट नाव आहे पण घरात कोणालाच पत्ता नाही, असे झाले तर लहान मुलांच्या पोटात औषध घातलेले पाणी जाऊ शकते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून ‘वाचले नाही’ या नोंदीवर मी लगेच विश्वास ठेवतो आणि तिच्यावर काम करतो. ‘वाचले’ या नोंदीवर मात्र नोटीस किती गंभीर आहे हे पाहूनच विसंबतो.

आधी ही यादी नेमके काय नोंदवते ते पाहू. आपण पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरले आणि वरच्या तीन ठिपक्यांतून Info निवडले की Read by आणि Delivered to असे दोन भाग दिसतात. आयफोनवर तोच संदेश डावीकडे सरकवला तरी हे पान उघडते. ज्याने संदेश पाठवला त्यालाच हे पान दिसते. त्यामुळे अध्यक्षांनी नोटीस टाकली आणि पाठपुरावा आपण करणार असाल, तर आपल्या हाती काहीच नसते. आमच्याकडे म्हणूनच नियम आहे की ज्याला फोन करायचे आहेत त्यानेच नोटीस टाकायची. दुसऱ्या कोणी तीच नोटीस पुढे पाठवली तर तिची यादी वेगळी तयार होते आणि हिशेब दोन ठिकाणी विखुरतो.

Delivered to मध्ये नाव असणे म्हणजे संदेश त्या फोनपर्यंत पोहोचला. दोन्ही भागांत नाव नसेल तर फोन बंद आहे, इंटरनेट नाही किंवा तो क्रमांक आता वापरात नाही, असे समजावे. संदेशाखालच्या खुणा निळ्या होण्याची वाट मात्र पाहू नये. गटातील प्रत्येक सदस्याने संदेश उघडल्याशिवाय त्या निळ्या होत नाहीत आणि पन्नास-साठ जणांच्या गटात कोणी ना कोणी राहतोच. “माझी निळी खूण बंद आहे, म्हणून मी वाचले तरी तुम्हाला दिसत नाही,” असे काही सभासद सांगतात. ते खोटे बोलत नसतात, पण त्यांचा गैरसमज असतो, कारण ही सोय दोघांमधल्या संभाषणापुरती असते आणि गटातील संदेशांना ती लागू होत नाही.

आता Read by मध्ये नाव केव्हा जाते? त्या फोनवर गट उघडला गेला की जाते. डोळ्यांनी मजकूर वाचला की नाही हे फोनला कळण्याचा मार्गच नाही. आपली नोटीस रात्री आठला गेली, त्यानंतर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या तीस शुभेच्छा आल्या, सकाळी एखाद्या काकूंनी गट उघडून पुष्पगुच्छाचा फोटो पाहिला आणि पुढे गेल्या, तरी त्या नोटिशीच्या यादीत ‘वाचले’ म्हणून बसतात. लांब नोटीस असेल तर पडद्यावर तिचा वरचा भागच दिसतो आणि खाली Read more येते. त्यावर बोट न लावताही नाव यादीत जाते. नोटीस पीडीएफ करून टाकली तर अंतर आणखी वाढते, कारण गट उघडताच खूण मिळते आणि फाइल कोणी उघडली की नाही याचा त्या खुणेत मागमूस नसतो. सोसायटीच्या शिक्क्याचा कागद पीडीएफमध्ये छान दिसतो हे मला मान्य आहे, पण तो सोबत जोडावा आणि मुख्य मजकूर संदेशातच लिहावा.

उलट बाजूचीही एक फट आहे. पडद्याच्या वरून येणाऱ्या सूचनेतच काही जण पूर्ण मजकूर वाचतात आणि गट उघडतच नाहीत. ते वाचूनही न वाचलेल्यांत राहतात. यांच्याबाबत तक्रार करू नये. वर सांगितल्याप्रमाणे येथे आपला फक्त एक फोन खर्च होतो.

यापेक्षाही मोठी चूक मोजण्याच्या एककात होते, आणि आपल्याकडचे भांडण बहुधा तिच्यातूनच निघाले असावे. यादी सदस्य मोजते, आपल्याला मात्र घरे मोजायची असतात. एका फ्लॅटमधून नवरा, बायको आणि मुलगी असे तिघे गटात असतात. दुसऱ्या फ्लॅटचा मालक पुण्यात राहतो, तोच गटात असतो आणि येथे राहणारा भाडेकरू गटाबाहेर असतो. तिसऱ्या घरात एकट्या आजी आहेत आणि त्यांच्याकडे साधा फोन आहे. “बहुतेकांनी वाचले” हे वाक्य अशा गटात खरे असूनही दहा घरे कोरडी राहू शकतात. म्हणून मी एका वहीत फ्लॅट क्रमांकाप्रमाणे ओळी आखल्या आहेत आणि प्रत्येक ओळीत सध्या तेथे राहणाऱ्या एका प्रौढ माणसाचा क्रमांक लिहिला आहे. फोनमध्येही नावे ‘204 जोशी’ अशी फ्लॅट क्रमांकासह साठवली आहेत, कारण Info मध्ये नावे आपण साठवली तशीच दिसतात आणि वहीशी ताडून पाहणे दहा मिनिटांत होते.

मागच्या टाकी सफाईचा हिशेब वहीत आहे, तोच येथे देतो. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि बाकीच्या वेळी बोअरिंगवर भागवावे लागते. दोन्हींचे पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत येते. ती टाकी आणि गच्चीवरची टाकी धुऊन, औषध टाकून, पुन्हा भरायची होती. त्यामुळे रविवारी सकाळी 8 ते दुपारी 2 या वेळात नळाचे पाणी कोणत्याही कामासाठी घ्यायचे नव्हते. गटात 71 सदस्य होते, मला वगळून 70. नोटीस शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला गेली. रात्री साडेनऊला Read by मध्ये 41 नावे होती, पण वहीत खुणा केल्यावर ती फक्त 29 फ्लॅटची निघाली. शनिवारी सकाळी नऊला नावे 58 झाली आणि फ्लॅट 37. म्हणजे 7 फ्लॅट उरले.

त्या सातांत दोन घरांतून कोणीच गटात नव्हते. एक एकट्या राहणाऱ्या आजींचे होते आणि दुसरे महिनाभरापूर्वी आलेल्या भाडेकरूंचे. त्या दुसऱ्या फ्लॅटचे पुण्यातील मालक ‘वाचले’ या यादीत होते, पण पाणी पुण्यात प्यायचे नव्हते, म्हणून मी तो फ्लॅट धरला नव्हता. या दोन्ही घरी चौकीदाराला कागद देऊन पाठवले आणि आजींना त्याने वाचून दाखवले. एका फ्लॅटचा क्रमांक दोन्ही भागांत नव्हता. ते कुटुंब यात्रेला गेले होते आणि फोन बंद होता. घर बंदच होते, पण कुंड्यांना पाणी घालायला बाई येत असे, तिला फाटकावर सांगण्याची व्यवस्था केली. उरलेले चार फ्लॅट Delivered to मध्ये होते. त्यांना फोन केले तेव्हा दोघांनी वरच्या सूचनेत मजकूर वाचला होता आणि दोघांना खरोखर काही माहीत नव्हते.

येथपर्यंत यादीने तिचे काम चोख केले. प्रश्न ‘वाचले’ म्हणून दिसणाऱ्या 37 घरांचा होता. नोटीस पाण्यात टाकायच्या औषधाची असल्यामुळे मी तेथे थांबलो नाही. शनिवारी दहा वाजता गटात मतदान टाकले. व्हॉट्सॲपमध्ये मतदानाची सोय आहे आणि कोणी काय निवडले हे नावानिशी दिसते. एकच पर्याय निवडता यावा अशी व्यवस्था ठेवली आणि दर घरातून एकानेच उत्तर द्यावे असे वर लिहिले. प्रश्न असा होता: “रविवारी 8 ते 2 या वेळेसाठी आपल्या घरी पाण्याचा साठा आहे का?” पर्याय दोन होते: “आहे, शनिवारी रात्री भरून ठेवू” आणि “भांडी कमी आहेत, मदत हवी”.

हा प्रश्न मी मुद्दाम असा केला. “नोटीस वाचली का?” असे विचारले की माणूस सवयीने ‘हो’ दाबतो, आणि अंगठ्याचे चिन्ह मागितले तर एकाचे पाहून दुसरा देतो. पाण्याचा साठा आहे का, हे सांगायला स्वयंपाकघरात एकदा विचारावे लागते, आणि त्या विचारण्यातच निरोप घरात पोहोचतो. सर्वसाधारण नोटिशीत एवढे करू नये, कारण दर आठवड्याला मतदान आले की लोक तेही सवयीने दाबू लागतात. आरोग्य, वीज, आग, लिफ्ट बंद राहणे, पैशांची अंतिम तारीख, एवढ्याच कामांसाठी मी ते राखून ठेवतो.

संध्याकाळी सहापर्यंत 37 पैकी 28 घरांनी उत्तर दिले. चार घरांना मदत हवी होती, त्यांना सोसायटीचे मोठे पिंप वाटून दिले. उरलेल्या 9 घरांना मी स्वतः फोन केले. सहा घरांत सगळे माहीत होते, मतदान तेवढे राहिले होते. तीन घरांत मात्र कोणालाच कल्पना नव्हती, आणि तिन्ही नावे शुक्रवारपासून Read by मध्ये होती. एका घरी आजोबांच्या फोनवर नातू खेळत होता आणि गट त्याने उघडला होता. दुसऱ्या घरातील गृहस्थ कामानिमित्त रतलामला होते, त्यांनी नोटीस नीट वाचली होती, पण घरी सांगायचे राहून गेले. तिसऱ्या घरी वहिनींनी पहिल्या ओळीतील ‘टाकी’ हा शब्द पाहून ही देखभाल वर्गणीची आठवण असावी असे समजून पुढचे वाचले नव्हते. शेवटचा दोष मी माझा मानतो, कारण माझ्या नोटिशीची पहिली ओळ “सर्व सन्माननीय रहिवाशांना कळविण्यात येते की टाकीसंदर्भात” अशी सुरू होत होती आणि मुख्य गोष्ट Read more च्या खाली गेली होती.

त्यानंतर मी पहिल्याच ओळीत दिवस, वेळ आणि काय करायचे नाही हे लिहितो: “रविवार, सकाळी 8 ते दुपारी 2: नळाचे पाणी वापरू नये.” कारण, कोण सफाई करणार, संपर्क कोणाशी, हे त्याच्या खाली येते. चार-पाच ओळींत बसेल तेवढेच लिहितो, म्हणजे गट नुसता उघडला तरी मुख्य मजकूर पडद्यावर समोर येतो आणि ‘वाचले’ या खुणेला थोडे अधिक वजन येते.

एकूण शनिवारच्या दिवसात फोनवर पाऊण तास गेला आणि चौकीदाराचे दोन जिने. रविवारी दोनपर्यंत एकाही घरात नळ उघडला गेला नाही.

नोटिशीत चूक झाली तर काय करावे, हेही येथेच सांगतो, कारण यादीशी त्याचा थेट संबंध आहे. पाठवलेला संदेश 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण दुरुस्तीची नवी सूचना कोणालाही जात नाही. एकदा आमच्याकडे वार चुकला होता आणि नोटीस टाकणाऱ्यांनी दहा मिनिटांनी तो दुरुस्त केला. त्या दहा मिनिटांत ज्यांनी संदेश उघडला त्यांची नावे Read by मध्ये तशीच राहिली आणि यादी पाहून त्यांनी दुरुस्त वार वाचला आहे असाच समज होत होता. वार, वेळ किंवा रक्कम बदलली तर जुना संदेश सर्वांसाठी हटवावा आणि “आधीच्या नोटिशीत वार चुकला होता” असे पहिल्या ओळीत लिहून नवा संदेश टाकावा. नव्या संदेशाची यादी शून्यापासून सुरू होते आणि तीच मोजावी. शुद्धलेखनाच्या चुकीसाठी मात्र जागच्या जागी दुरुस्ती पुरे.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. आपल्या गटात गप्पा आणि शुभेच्छा फार असतील तर ‘वाचले’ ही खूण अधिक पोकळ होते. अशा ठिकाणी फक्त व्यवस्थापकच संदेश पाठवू शकतील असा वेगळा सूचना-गट करावा आणि गप्पांचा गट तसाच चालू द्यावा. तो सूचना-गट लोक विनाकारण उघडत नाहीत, त्यामुळे तेथील Read by मधल्या नावाचा अर्थ बराच खरा असतो. नवा भाडेकरू आला की त्याला त्याच दिवशी या गटात घ्यावे आणि चालू नोटीस त्याला वेगळी पाठवावी, कारण आधीच्या संदेशाच्या यादीत त्याचे नाव कोठेच येणार नाही आणि तो राहिला हे आपल्या लक्षातही येणार नाही. महत्त्वाची नोटीस गटात वर चिकटवून ठेवण्याची सोय आहे. ती 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवसांसाठी ठेवता येते. यादीवर तिचा परिणाम होत नाही, पण ज्यांनी गट उघडून वरवर पाहिले त्यांच्या नजरेला ती पुन्हा पडते.

एक विनंती मात्र मनापासून करतो. यादीचा फोटो काढून गटात टाकू नये आणि “तुम्ही रात्री 9.12 ला वाचले आहे, आता नाही म्हणू नका” असे कोणाला चारचौघांत सुनावू नये. असे एका मल्टीत झालेले मी जवळून पाहिले आहे. त्यानंतर तेथील अनेकांनी गट उघडणेच सोडले, वरच्या सूचनेत जे दिसेल तेवढेच वाचू लागले आणि सचिवांच्या हाती असलेले साधन कायमचे निकामी झाले. शिवाय ज्यांना आपण सुनावतो त्यांच्यापैकी एखाद्या घरात फोन खरोखरच नातवाने उघडलेला असतो. यादी आपल्यापाशी ठेवावी आणि तिचा उपयोग फोन कोणाला करायचा हे ठरवण्यासाठी करावा.

आता वार्षिक सभेचा प्रश्न. येथे मी अधिक सावध राहतो. टाकीच्या नोटिशीत निरोप घरात पोहोचणे महत्त्वाचे होते. सभेच्या नोटिशीत मात्र ती विहित रीतीने आणि विहित मुदतीत दिली होती हे उद्या दाखवता येणे महत्त्वाचे असते. ती रीत आपल्या सोसायटीच्या उपविधीत लिहिलेली असते, तीच आधी काढून पाहावी. व्हॉट्सॲपवरील नोटिशीला न्यायालयांनी कधीच मानले नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून बजावलेली नोटीस, खुणांवरून ती उघडली गेल्याचे दिसत असल्यामुळे, ग्राह्य धरली होती. पण तो संदेश एका व्यक्तीला थेट पाठवलेला होता, गटात टाकलेला नव्हता. उलट पोलिसांनी हजर राहण्यासाठी द्यायच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये व्हॉट्सॲपचा मार्ग मान्य केला नाही. म्हणजे कोणती नोटीस, कोणत्या नियमाखाली, यावर सगळे ठरते, आणि एका प्रकरणातील निळी खूण दुसऱ्या प्रकरणात पुढे करता येत नाही.

आमच्याकडे सभेची नोटीस उपविधीत आहे त्या मुदतीत कागदावर दिली जाते, प्रत्येक सभासदाची सही वहीत घेतली जाते, बाहेरगावच्या मालकांना टपालाने पाठवली जाते आणि फलकावर लावली जाते. भाडेकरूला सभेत मत नसते, म्हणून येथे टाकीच्या उलट हिशेब करावा लागतो आणि पुण्यातील मालकाचीच सही लागते. गटात तीच नोटीस त्याच दिवशी टाकतो आणि दोन दिवसांनी Info उघडून जे मालक Read by मध्ये नाहीत त्यांना फोन करून “टपाल मिळाले का?” एवढे विचारतो. मागच्या वर्षी त्या फोनमुळेच कळले की एका मालकांचा पत्ता बदलला होता आणि आमचा लिफाफा जुन्या घरी गेला होता. मुदत संपायला अजून सहा दिवस होते, म्हणून नव्या पत्त्यावर दुसरी प्रत वेळेत पाठवता आली.